विश्लेषण : पाणी लागेपर्यंत सरासरी किती बोअर?

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुड परिसरात उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या दिसू लागतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, तेव्हापासून तर पाण्याचा विषय निघाला की बोअरचा निघतोच. पहिला बोअर कोरडा जातो, नुसता फुफाटा उडतो. मग दुसरा, तिसरा. पाणी लागेपर्यंत किती बोअरच्या पैशांची तयारी ठेवायची, या प्रश्नाला संभाव्यताशास्त्रात नेमके उत्तर आहे. फक्त त्यामागची अट नीट पाहावी लागते.

गणित काय सांगते?

समजा, दर चार बोअरमागे एकाला पाणी लागते. म्हणजे प्रत्येक बोअर यशस्वी होण्याची शक्यता एक चतुर्थांश. हा आकडा हिशेबापुरता धरलेला आहे. आता 256 शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक बोअर घेतला. 64 जणांना पाणी लागले आणि ते थांबले. उरलेल्या 192 जणांनी दुसरा घेतला, त्यात 48 जणांचे काम झाले. तिसरा घेण्याची वेळ 144 जणांवर आली, चौथा 108 जणांवर. असे करत सगळ्यांना पाणी लागेपर्यंत एकूण किती बोअर होतील?

बेरीज करत बसण्याची गरज नाही. प्रत्येक शेतकरी पाणी लागताच थांबतो, म्हणून यशस्वी बोअर बरोबर 256. आणि यशस्वी बोअर हे एकूण बोअरच्या एक चतुर्थांश. म्हणजे एकूण बोअर 1024 आणि माणशी सरासरी चार.

हेच एका शेतकऱ्यापुरते मांडता येते. सरासरीला E म्हणू. एक बोअर तर घ्यावाच लागतो. चारांत तीन वेळा तो कोरडा जातो, आणि मग शेतकरी पुन्हा मूळ जागी येतो. पुढे त्याला पुन्हा सरासरी E बोअर लागणार.

E = 1 + (3/4) × E

दोन्ही बाजूंतून (3/4) × E वजा केले की (1/4) × E = 1, म्हणजे E = 4. शक्यता p असेल तर E = 1 + (1 − p) × E, आणि उत्तर 1/p. पहिल्या यशापर्यंतच्या प्रयत्नांच्या या मांडणीला भूमितीय वितरण म्हणतात, कारण दर फेरीत उरणाऱ्यांची संख्या भूमितीय श्रेढीने घटते.

‘सरासरी चार’ म्हणजे चौथ्याला हमखास नव्हे

इथे बहुतेकांची गफलत होते. चारही बोअर कोरडे जाण्याची शक्यता 3/4 चा चौथा घात, म्हणजे सुमारे 32 टक्के. 256 पैकी 81 शेतकरी चौथ्यानंतरही कोरडेच. उलट निम्म्याहून जास्त, 148 जण, तिसऱ्यापर्यंतच सुटलेले असतात. सरासरी वर जाते ती आठ-दहा बोअर घ्यावे लागलेल्या थोड्या लोकांमुळे. आणि तीन कोरडे गेले म्हणून चौथ्याची शक्यता वाढत नाही. ‘आता तरी लागेलच’ याला या हिशेबात जागा नाही.

खडकाची अडचण

समीकरणात ‘पुन्हा मूळ जागी’ असे म्हटले, तिथेच खरी मेख आहे. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. एकाच शेतातले बोअर एकाच खडकात जातात, त्यामुळे एक कोरडा गेला की दुसऱ्याबद्दलही काहीतरी कळते.

समजा, निम्म्या शेतांत शक्यता 50 टक्के आणि निम्म्या शेतांत 10 टक्के. गावाची सरासरी शक्यता 30 टक्के. सूत्रात थेट 0.30 घातले तर उत्तर येते साधारण 3.3 बोअर. प्रत्यक्षात चांगल्या शेताला दोन लागतात, वाईटाला दहा, आणि दोन्हींची सरासरी सहा. म्हणजे अंदाज जवळपास निम्म्याने चुकला.

पुढचे आणखी बोलके आहे. या गावात तीन बोअर कोरडे गेलेल्या शेतकऱ्याचे शेत वाईट गटातले असण्याची शक्यता 85 टक्क्यांवर जाते. चौथ्याला पाणी लागण्याची शक्यता 30 वरून 16 टक्क्यांवर येते आणि यापुढे लागणारे सरासरी बोअर होतात जवळपास नऊ. खडकात भेगच नसेल तर p शून्य, मग 1/p ला अर्थच उरत नाही.

म्हणून शेजारच्या गावात ‘चारात एक लागतो’ हे ऐकून पैशांची जुळवाजुळव करण्याआधी आपल्याच शिवारातल्या विहिरी आणि जुने बोअर कुठे लागले, कुठे गेले, हे पाहणे स्वस्त पडते. दोन बोअर कोरडे गेल्यावर तिसऱ्यासाठी गाडी त्याच बांधावर उभी करायची की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करायची, हा निर्णय तिसरा बोअर घेण्याआधीचा आहे.