छोट्या पॉलिहाऊसला पाइप, फिल्म आणि शेडनेट किती लागते?

अर्धगोल कमानींच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये जमिनीचे क्षेत्रफळ आणि लागणारे सामान यांचा सरळ हिशेब बसत नाही. 80 चौरस मीटर जागेवर 80 चौरस मीटर फिल्म पुरत नाही. ती त्याच्या दुपटीहून जास्त लागते. नेमकी किती, हे कमानीच्या उंचीवर ठरते. पण ही उंची मनाप्रमाणे निवडता येतेच असे नाही, कारण पाइप 6 मीटर लांबीचा येतो आणि फिल्मही ठरावीक रुंदीच्या पन्ह्यात मिळते. या दोन मापांत बसणारी कमान स्वस्त पडते. त्याबाहेर गेलेली कमान थोड्याशा उंचीसाठी बराच खर्च वाढवते.

उदाहरणासाठी 4 मीटर रुंद आणि 20 मीटर लांब जागा घेऊ. कमानी जमिनीतून थेट उभ्या राहत नाहीत. आधी एक इंची जीआय पाइपचे 1 मीटर लांबीचे तुकडे 60 सेंटिमीटर जमिनीत, काँक्रीटमध्ये बसवतात आणि 40 सेंटिमीटर वर ठेवतात. पाऊण इंची पाइपची कमान या पायाच्या नळीत दोन्ही टोकांना 20-20 सेंटिमीटर आत जाते आणि नटबोल्टने पक्की होते. पाइपचा 'इंच' हा नाममात्र असतो: पाऊण इंची पाइपची बाहेरची जाडी सुमारे 27 मिलिमीटर भरते. एक इंची 'ए' क्लास नळीचे आतले भोक सुमारे 28 मिलिमीटर असते, म्हणून कमान तीत बसते. जाड 'बी' क्लासची नळी घेतली तर भोक आणखी लहान होते आणि जस्ताचा थर वा आतली शिवण आड येऊन कमान अडकते. दुकानातच एक तुकडा दुसऱ्यात घालून पाहिलेला बरा.

कमानीचा शेंडा पायाच्या नळ्यांच्या टोकांपासून 1.6 मीटर वर ठेवला, तर जमिनीपासून एकूण उंची 2 मीटर होते. आता वक्राची लांबी काढायची. अर्धी रुंदी 2 मीटर आणि उंची 1.6 मीटर, म्हणून टोकापासून शेंड्यापर्यंतची तिरपी सरळ रेषा 2.56 मीटर (2 आणि 1.6 यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ). या रेषेची आठपट करून त्यातून रुंदी वजा करावी आणि उरलेल्याला 3 ने भागावे: 20.48 वजा 4 म्हणजे 16.48, भागिले 3, उत्तर सुमारे 5.5 मीटर. ही रीत किंचित कमी दाखवते; काटेकोर लांबी 5.53 मीटर आहे. त्यात आत जाणारे 40 सेंटिमीटर मिळवले की 5.93 मीटर होतात. 6 मीटरच्या पाइपमधून एक कमान, तीही जोड न देता.

आकडेमोड नको असेल तर जमिनीवर कमान आखावी. 4 मीटरची रेषा ओढून तिच्या मध्यापासून 45 सेंटिमीटर खाली खुंटी ठोकावी आणि 2.05 मीटर दोरीने वक्र काढावा. त्यावर दुसरी दोरी अंथरून मोजली की लांबी हाती येते. पाइप वाकवण्याचा साचाही याच आखणीवरून करतात, फक्त त्रिज्या थोडी कमी धरून, कारण वाकवलेला पाइप सोडल्यावर किंचित उघडतो.

हीच कमान पूर्ण अर्धवर्तुळ केली, म्हणजे 40 सेंटिमीटरने उंच केली, तर वक्र 6.28 मीटर होतो आणि पाइप 6.68 मीटर लागतो. मग प्रत्येक कमानीला तुकडा जोडावा लागतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळते, गंज तिथूनच सुरू होतो आणि वाऱ्याच्या जोरात कमान मोडते तीही बहुधा तिथेच.

कमानींमध्ये 1.25 मीटर अंतर ठेवले तर 20 मीटरमध्ये 16 गाळे पडतात, पण कमानी 17 लागतात. हा एक पाइप विसरला जाणे नेहमीचे आहे. वारा जास्त असलेल्या उघड्या माळावर अंतर 1 मीटर ठेवावे. तेव्हा कमानी 21 होतात. आपल्या उदाहरणात पायाच्या नळ्या 34. एका पाइपात 6 तुकडे निघतात, म्हणून एक इंची पाइप 6 लागतील. दोन्ही टोकांच्या दारांना प्रत्येकी एक पाऊण इंची पाइप पुरतो: सुमारे 2.44 मीटरचे दोन खांब कापल्यावर उरलेल्या मीटरभरात वरची आडवी पट्टी निघते. कोपऱ्यांतल्या तिरप्या टेकूंना आणखी 2, म्हणजे पाऊण इंची एकूण 21. कमानींना बांधून ठेवणाऱ्या तीन आडव्या ओळींसाठी 60 मीटर अर्धा इंची पाइप हवा. जोडांवर एकमेकांवर येणारा भाग धरून 11 घ्यावेत. कमानी आणि आडव्या ओळी 'बी' क्लासच्या धरल्या तर सगळ्याचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते.

फिल्मची रुंदी जमिनीपासून जमिनीपर्यंत मोजतात. 5.53 मीटर वक्र आणि दोन्ही बाजूंचे 40-40 सेंटिमीटर मिळून 6.33 मीटर. 7 मीटर पन्ह्यात दोन्हीकडे सुमारे 33 सेंटिमीटर उरते, आणि तेवढेच चरात गाडून माती दाबायला लागते. अर्धवर्तुळाच्या कमानीला हेच माप 7.08 मीटर येते, म्हणजे 7 मीटरचा पन्हा गाडण्याआधीच अपुरा आणि 9 मीटरचा घेणे भाग. लांबीत दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर दुमडायला धरून 21 मीटर, आणि टोकांच्या दोन भिंतींसाठी आणखी 5 मीटर. या तुकड्यातून लांबीच्या दिशेने दोन भाग केले की दोन्ही भिंती निघतात. एकूण 26 गुणिले 7, म्हणजे 182 चौरस मीटर. 200 मायक्रॉनची म्हणजेच 800 गेजची फिल्म किलोला सुमारे 5.4 चौरस मीटर भरते, त्यामुळे वजन सुमारे 34 किलो. हाच आकडा फसवणूक ओळखायलाही उपयोगी पडतो: तेवढ्याच मापाची गुंडाळी 28 किलोच भरली, तर फिल्म पातळ आहे.

ताणण्यासाठी कोवळ्या उन्हाची वेळ बरी. थंडीत बसवलेली फिल्म दुपारी सैल पडून फडफडते आणि घासून फाटते. तापलेल्या पाइपला टेकते तिथे ती आधी जीर्ण होते, म्हणून कमानींना पांढरा रंग देतात किंवा जुन्या फिल्मच्या पट्ट्या गुंडाळतात. बाजू गाडल्या की हवा फक्त दोन दारांतून खेळते. 20 मीटरपेक्षा लांब घर असेल तर बाजूला गुंडाळता येणारे पडदे करावे लागतात.

शेडनेट फिल्मच्या वर टाकायचे असेल तर 3 मीटर रुंद, 50 मीटर लांब गुंडाळी या मापाला जवळजवळ नेमकी बसते. 21 मीटरचे दोन पट्टे 10 सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन शिवले की 5.9 मीटर रुंदी मिळते. खालचे वीसेक सेंटिमीटर दोन्हीकडे उघडे राहतात. तेवढ्याने बिघडत नाही. उरलेल्या 8 मीटरमध्ये दोन्ही टोकांच्या भिंती झाकतात. ऊन फिल्मवर पडण्याआधीच अडत असल्याने आत टांगलेल्या नेटपेक्षा वरच्या नेटने घर जास्त थंड राहते. मात्र नेट फिल्मवर थेट टेकू देऊ नये; वाऱ्याने ते घासते. कमानींवरून तारा ओढून वीतभर अंतर ठेवतात. 50 टक्के सावलीचे नेट मार्च ते मे या काळापुरते ठेवून पावसाआधी काढतात. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत ते वरच राहिले तर रोपे उंच, बारीक आणि फिकट होतात.