दर सेकंदाला पावणेसहा लाख खोट्या खबरा

कुकटपल्लीच्या भाजीबाजारात लाल देठाची अंबाडी ढिगाने मिळते. इकडे तिला गोंगुरा म्हणतात. पानं हिरवीगार, देठ लालबुंद. रात्री करंट गेला आणि इन्व्हर्टरही बसला, की ही जुडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, पडदे ओढून घ्या, मोबाईल उलटा ठेवा आणि अर्धा तास बसून राहा. पडदे ओढणं महत्त्वाचं आहे. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे या भागात खरा काळोख सहसा मिळत नाही. अर्ध्या तासाने जुडी दिसू लागेल, पण पानं राखाडी आणि देठ कोळशासारखे काळे. पानांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या. डोळा काम करत नाही असं मुळीच नाही. उलट, तो आत्ता जितका संवेदनशील आहे तितका दुपारी कधीच नसतो. रंग आणि बारकावा ही त्या संवेदनशीलतेची किंमत आहे. ती किती आणि का, हे आकड्यांतच नीट कळतं.

डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. दिवसाउजेडी काम करणाऱ्या शंकुपेशी साधारण ४६ लाख आणि अंधुक उजेडातल्या दंडपेशी ९ कोटी २० लाखांच्या आसपास. हा हिशेब एका डोळ्याचा. प्रत्येक दंडपेशीत नाण्यांच्या चळतीसारख्या शेकडो चकत्या असतात आणि त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याचे सुमारे १२ कोटी रेणू. रेणूच्या पोटात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा वाकडा तुकडा. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, त्याच्यावर आदळला की तो सरळ होतो. एका सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात हे उरकतं.

पुढची साखळी उलट्या बाजूने चालते. अंधारात दंडपेशीची दारं उघडी असतात आणि सोडियमचे आयन आत येत राहतात. दारं उघडी ठेवण्याचं काम सीजीएमपी नावाचा छोटा रेणू करतो. सरळ झालेला रेणू ट्रान्सड्यूसिन नावाच्या प्रथिनाचे अनेक रेणू जागे करतो, ते एका विकराला कामाला लावतात, विकर सीजीएमपी तोडतं आणि काही दारं बंद होतात. म्हणजे उजेड पडला की पेशीतला प्रवाह वाढत नाही, घटतो. एका फोटॉनने हा प्रवाह जेमतेम तीनेक टक्क्यांनी कमी होतो. पण तेवढ्यात आत यायचे राहून गेलेले आयन मोजले तर ते दहा लाखांच्या घरात जातात. बाहेरून आला एक कण आणि आत अडले दहा लाख.

इतकं मोठं गुणक असलेल्या यंत्राला एक धोका असतोच. कुणी हात न लावताही ते वाजलं तर? शरीराच्या उष्णतेने ऱ्होडॉप्सिनचा एखादा रेणू आपोआपच सरळ होऊ शकतो आणि पेशीला ते फोटॉन आल्यासारखंच दिसतं. बेलर, नन आणि श्नॅफ यांनी १९८४ मध्ये माकडाच्या दंडपेशींत हे मोजलं. एका पेशीत अशी खोटी खबर सुमारे १६० सेकंदांनी एकदा येते. १२ कोटी रेणू असून इतक्या क्वचित! हिशेब मांडला तर रेणूंच्या एखाद्या साठ्यातले निम्मे असे आपोआप उलटायला सुमारे ४२० वर्षं लागतील. चारमिनार १५९१ मध्ये बांधला. त्या दिवशीचा साठा कुणी अंधारात जपून ठेवला असता, तर आज त्यातले जवळजवळ निम्मे अजून फोटॉनची वाट पाहत असते.

रेणू इतका भरवशाचा, तरी पेशी किती आहेत ते विसरू नका. ९ कोटी २० लाखांना १६० ने भागा. दर सेकंदाला एका डोळ्यातून पावणेसहा लाख खोट्या खबरा! मिट्ट काळोखात आपल्याला चांदण्यांचा पाऊस दिसत नाही तो का?

याचं उत्तर कोलंबिया विद्यापीठातल्या १९४२ च्या प्रयोगात आहे. हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एक सहस्रांश सेकंदाची निळसर-हिरवी तिरीप टाकली. पाहणाऱ्यांत ते स्वतःही होते. ती जेमतेम दिसायला डोळ्यावर ५४ ते १४८ फोटॉन लागले. त्यातले बरेचसे वाटेतच गळाले आणि दंडपेशींनी पकडले फक्त ५ ते १४, तेही सुमारे ५०० पेशींमध्ये विखुरलेले. म्हणजे एका पेशीला एकच फोटॉन पुरतो, पण एका पेशीच्या साक्षीवर ‘दिसलं’ असा निकाल लागत नाही.

तो का लागू नये, हे आपणच काढून पाहू. ५०० पेशींचा गट धरा. त्यात सेकंदाला तीन खोट्या खबरा. डोळा सुमारे एक दशांश सेकंदातल्या खबरा एकत्र मोजतो, म्हणजे सरासरी ०.३. दोन खबरा जुळल्या की ‘उजेड’ म्हणायचं ठरवलं, तर पंचविसातून एकदा फसगत होईल. पाचांची अट घातली की फसगत पन्नास हजारांत एकदा.

अंधुक दिसण्याचं मूळ इथे आहे. खबरा जुळवायच्या तर शेकडो पेशींचे धागे एका ठिकाणी यायला हवेत, आणि ते एकदा आले की खबर त्यांतल्या कुठल्या पेशीची हे कळत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे तंतूच मुळी दहा-बारा लाख. पडद्याच्या मध्यभागी, जिथे आपण टक लावून वाचतो, शंकुपेशींना जवळजवळ स्वतंत्र तंतू मिळतो. पण तिथे दंडपेशी एकही नाही. म्हणूनच फिकट तारा रोखून पाहिला की गायब होतो, आणि नजर जरा बाजूला वळवली की दिसतो.

रंगाचं कारण आणखी सोपं. दंडपेशींत रंगद्रव्य एकच. फोटॉन पकडला गेला की प्रतिसाद सारखाच, मग तो निळा असो वा पिवळा. रंग ओळखायला वेगवेगळ्या आवडीच्या दोन-तीन पेशींची तुलना लागते आणि ती सोय शंकुपेशींत आहे. पण त्यांचा एका फोटॉनचा प्रतिसाद फारच लहान आणि आतला गोंगाट मोठा. इतक्या मंद उजेडात त्यांची खबर त्या गोंगाटातच बुडते. उरल्या दंडपेशी. त्यांची आवड निळसर-हिरव्या प्रकाशाची, ५०७ नॅनोमीटरच्या आसपासची. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्या सुमारे दीड हजार पट बहिऱ्या. अंबाडीचा देठ परत पाठवतो तो मुख्यतः लालच, म्हणून तो काळा. लाल फूल संध्याकाळी निळ्याआधी काळवंडतं हे चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८२५ मध्येच टिपून ठेवलं होतं.

आता बिघाडाचं. रेटिनल कमी पडलं तर ऱ्होडॉप्सिन घटतं, आणि पहिला फटका रात्रीच्या नजरेला बसतो. दिवसा धावणारं मूल दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळतं, ताटातला घास चाचपतं. कुकटपल्लीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्याच कामाच्या आधारावर १९७० मध्ये देशात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यात एक लाख एकक, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत. एकूण नऊ मात्रा. जीवनसत्त्व पुरेसं असलेल्या मोठ्या माणसाला मात्र कितीही गाजरं खाऊन अंधारात देठ लाल दिसणार नाही. पण रात्रीची नजर दिवसेंदिवस खालावत असेल, आणि घरात आणखी कुणाचं तसं झालं असेल, तर गाजरांच्या नादी लागू नका. दंडपेशीच मरत जाण्याचे आनुवंशिक आजारही असतात. नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या.