मऊपणा ठरतो कढईत पडण्याआधी

हाँगकाँगमधल्या साध्या खाणावळीतही तांदळाच्या रुंद नूडल्सबरोबर परतलेले बीफचे काप मिळतात. कढईखालची ज्योत भडकलेली असते, नूडल्सना धुराचा वास लागलेला असतो, आणि तरीही मांस दाताखाली सहज तुटतं. हे मांस महागाचं असतंच असं नाही. पुष्कळदा ते जनावराच्या पोटाकडच्या, एरवी चिवट लागणाऱ्या भागाचं असतं. घरी मात्र बोनलेस चिकन मोठ्या आचेवर परतलं की पाच मिनिटांत ते कोरडं आणि दडस होतं.

हा फरक कढईत पडण्याआधीच ठरलेला असतो. चिनी स्वयंपाकी मांसाचे काप आधी कॉर्नफ्लोअरच्या पातळ लेपात किंवा खाण्याच्या सोड्यात मुरवतात. इंग्रजी वाचकांना ही पद्धत 'व्हेल्व्हेटिंग' या नावाने माहीत आहे. 1977 साली आलेल्या आयरीन क्वो यांच्या 'द की टू चायनीज कुकिंग' या पुस्तकाने ती अमेरिकेतल्या घरांत पोचवली. कॉर्नफ्लोअर आणि सोडा यांची नावं बहुतेक वेळा एकत्र घेतली जातात, पण दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. कॉर्नफ्लोअर मांसाच्या बाहेर राहून काम करतं, तर सोडा मांसाच्या तंतूंमध्येच बदल घडवतो.

कच्च्या मांसाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि ते प्रथिनांच्या बारीक तंतूंमध्ये अडकलेलं असतं. मांस तापून 50 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की ही प्रथिनं आकसू लागतात. 65-70 अंशांच्या पुढे आकसणं वाढतं आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर येतं. परतायच्या कढईचं तापमान 200 अंशांच्याही वर जातं. पातळ काप तिथे दोन मिनिटं जरी जास्त राहिला, तरी त्याच्यात ओलावा फारसा उरत नाही.

कॉर्नफ्लोअरचा लेप नेमका इथे उपयोगी पडतो. मक्याचा हा पांढरा स्टार्च साधारण 62 ते 72 अंशांदरम्यान पाणी शोषून फुगतो आणि कापाभोवती त्याची मऊ, ओलसर जेली तयार होते. जेलीत पाणी आहे तोवर कापाचा पृष्ठभाग 100 अंशांच्या फार वर जात नाही. कढईच्या धगीशी मांसाची थेट गाठ पडत नाही, बाहेर आलेला थोडा रस जेलीतच अडकतो आणि पुढे सॉसही कापांना नीट चिकटतो. दुकानात मिळणारं मक्याचं पिवळं पीठ इथे चालत नाही. त्यात दाण्याचे इतर भागही दळलेले असतात आणि त्याचा लेप खरखरीत लागतो.

पाव किलो चिकन ब्रेस्ट घेतलं, तर आधी मांसाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवे, पाव इंच जाडीचे काप करायचे. तंतू सुरीनेच आखूड झाले की दाताला कमी काम उरतं. कापांना पाव चहाचा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा पाणी लावून, पाणी मांसात जिरेपर्यंत हाताने चोळायचं. मिठामुळे पृष्ठभागावरची काही प्रथिनं विरघळून चिकट होतात आणि लेप त्यांना धरून बसतो. मग अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर आणि शेवटी एक चहाचा चमचा तेल घालायचं. तेलामुळे काप एकमेकांना चिकटत नाहीत. हे सगळं वीस मिनिटं ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं.

त्यानंतर चिनी हॉटेलात हे काप 130-140 अंशांच्या बेताच्या गरम तेलातून काढतात. घरी त्यासाठी पाणी पुरतं. पातेल्यात पाणी उकळून आच मंद करायची, त्यात चमचाभर तेल घालायचं आणि काप सोडून ते अलगद सुटे करायचे. पाऊण ते एक मिनिटात ते बाहेरून पांढरे होतात. लगेच झाऱ्याने काढून निथळत ठेवायचे. मग लोखंडी कढई कडकडीत तापवून आलं, लसूण, मिरच्या आणि भाज्या परतायच्या, आणि काप अगदी शेवटी सॉसबरोबर मिनिटभरासाठी आत घालायचे. एक काप तोडून आत गुलाबी छटा राहिली नाही ना, एवढं पाहायचं.

चिकन ब्रेस्ट मुळात कोवळं असतं, त्यामुळे त्याला एवढं पुरतं. बीफ किंवा मांडीचं बोनलेस मटण मात्र फक्त लेपाने मऊ होत नाही. तिथे सोडा लागतो.

जिवंत स्नायूचा सामू, म्हणजे पीएच, 7 च्या जवळ असतो. कत्तलीनंतर स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं आणि सामू 5.5 च्या आसपास उतरतो. या पातळीवर प्रथिनांचे तंतू एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात आणि त्यांच्यात पाण्याला कमी जागा उरते. सोडा अल्कधर्मी असल्याने तो सामू पुन्हा वर नेतो. मग तंतूंवरचा ऋण विद्युतभार वाढतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी टिकून राहतं. गरम झाल्यावरही त्यांना एकमेकांना घट्ट आवळणं जड जातं.

पाव किलो मटणाच्या पातळ कापांना अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. तो एका मोठ्या चमचाभर पाण्यात विरघळवून लावायचा, म्हणजे सगळीकडे सारखा पोचतो. पंधरा-वीस मिनिटांनी काप थंड पाण्याने दोनदा धुवायचे आणि फडक्याने नीट टिपून कोरडे करायचे. ओले काप कढईत टाकले तर आचेचा जोर पाणी उडवण्यातच जातो, आणि मांस परतण्याऐवजी वाफवलं जातं. कोरड्या कापांना हवं तर वरचा कॉर्नफ्लोअरचा लेपही लावता येतो.

सोडा जास्त झाला की ते लगेच कळतं. तोंडात साबणासारखी, किंचित कडवट चव येते. काप रात्रभर सोड्यात राहिले तर कच्चे असतानाच बुळबुळीत लागतात आणि शिजल्यावर त्यांना मांसाचा पोतच उरत नाही. सोड्याबरोबर लिंबू, व्हिनेगर किंवा दही घालणंही चूकच आहे, कारण आम्लाशी गाठ पडताच सोडा फसफसून संपतो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असल्याने तिचाही तसा उपयोग होत नाही. लेपाची चूक कढईत दिसते. पाण्यात किंवा तेलात पांढरे धागे तरंगू लागले तर मिश्रण पातळ झालं असं समजावं, आणि काप तांबूस होऊन कडक झाले तर तेल जास्त तापलं होतं.

आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर चिली चिकनला लावतात तो मैदा-कॉर्नफ्लोअरचा जाड लेप मात्र वेगळा. तो कडकडीत तेलात तळून कुरकुरीत करण्यासाठी असतो. मटणाच्या रश्शालाही यातलं काही लागत नाही. तिथला चिवटपणा मुख्यतः कोलॅजनचा असतो आणि कोलॅजनचं जिलेटिन व्हायला मंद आचेवर तास-दीड तास लागतो. सोडा आणि कॉर्नफ्लोअर कामी येतात ते पाच मिनिटांत शिजणाऱ्या, हाडाविना पातळ कापांसाठी.