माउस दुसऱ्याच्या हाती

प्रिंटरच्या रांगेत एक बिल अडकतं. रद्द करायला जावं तर त्याच्यासमोर ‘Deleting’ असा शब्द उमटतो आणि तिथेच राहतो. मागची सगळी बिलं त्याच्यामागे ताटकळतात. प्रिंटर बंद करून चालू केला तरी फरक पडत नाही, कारण अडकलेलं काम प्रिंटरमध्ये नसतं, कंप्युटरमध्ये असतं.

समजा, नाशिकच्या एका वितरकाच्या ऑफिसात महिनाअखेरीला हे घडलं. हिशेब पाहणाऱ्या बाईंनी पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या सहकाऱ्याला टीम्सवर कॉल लावला आणि स्क्रीन शेअर केली. “वर उजवीकडे जा, नाही, त्याच्या खाली,” असं दहा मिनिटं चाललं. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, मला कंट्रोलच द्या ना, मी करतो.”

या वाक्यानंतर नेमकं काय होतं, ते बहुतेकांना नीटसं ठाऊक नसतं. पुण्यातल्या माणसाचा कंप्युटर त्याच्या माउसची हालचाल आणि दाबलेल्या कळा नाशिकला पाठवतो. नाशिकच्या कंप्युटरवरचं टीम्स त्या कळा तिथे ‘दाबतं’. विंडोजला मात्र माउस हलवणारा हात पुण्यात आहे की टेबलावर, हे कळत नाही. लॉगिन बाईंचं, अधिकार बाईंचे, उघडलेला ईमेलही बाईंचाच. त्या पंधरा मिनिटांत सहकारी जे करेल ते बाईंनीच केलं, असं यंत्र धरून चालतं. फाइल पुसली गेली तरी नोंद त्यांच्याच नावावर पडते.

म्हणून कंट्रोल देण्याआधीची दोन मिनिटं मोलाची. टीम्समध्ये पूर्ण स्क्रीन शेअर करता येते किंवा एकच खिडकी. एक्सेलमधलं सूत्र दुरुस्त करायचं असेल तर एक्सेलचीच खिडकी पुरते. प्रिंटरच्या दुरुस्तीत मात्र एकामागून एक वेगवेगळ्या खिडक्या उघडाव्या लागतात, तेव्हा पूर्ण स्क्रीन दाखवण्याला पर्याय नसतो. अशा वेळी बँकेच्या साइटवरून नुसती टॅब बंद करून नव्हे, तर लॉगआउट करून बाहेर पडावं. व्हॉट्सॲप वेब बंद करावं आणि अर्धवट काम सेव्ह करावं. कोपऱ्यात उमटणाऱ्या सूचनाही थांबवून ठेवाव्यात. ऐन वेळी ओटीपी आला तर तो दोन्ही शहरांत दिसतो.

कंट्रोल देण्याची कृती सोपी आहे. टीम्समध्ये शेअर करणाऱ्याच्या स्क्रीनवर वर एक पट्टी येते. त्यातलं ‘Give control’ दाबून यादीतून नाव निवडायचं. त्यासाठी दोघांकडेही टीम्सचं डेस्कटॉप ॲप लागतं, ब्राउझरमधून ही देवघेव होत नाही. झूममध्येही अशीच सोय आहे. तिथे पाहणारा स्वतःहून मागणी करतो आणि शेअर करणाऱ्यासमोर परवानगी विचारणारी चौकट येते.

नाशिकमध्ये बाईंनी नाव निवडलं आणि बाण आपोआप सरकू लागला. आपलाही हात चालतोय ना, हे पाहायला त्यांनी माउस हलवला. बाण मध्येच थरथरला, कारण एकाच बाणाला दोन माणसं ओढत होती. अशा वेळी क्लिक भलत्याच बटणावर पडू शकतं. तेव्हा एकाचा हात माउसवर असताना दुसऱ्याने आपला हात बाजूला ठेवावा. डोळे मात्र स्क्रीनवरच असावेत आणि सहकाऱ्याने काय करतोय ते बोलत राहावं. बोलणं आणि बाण यांचा मेळ बसेना, तर तिथेच थांबवायचं.

सहकाऱ्याने सुरुवातीला प्रिंटची रांग उघडली. “आठ कामं दिसतात. आपण रांग रिकामी केली तर आठही जातील, पुन्हा प्रिंट द्यावी लागेल. चालेल?” असं त्याने विचारलं. बाईंनी होकार दिला. मग त्याने स्टार्टमध्ये `cmd` टाइप केलं आणि ‘Run as administrator’ निवडलं.

इथे त्याच्याकडचं चित्र गोठलं.

“मॅडम, माझा माउस चालत नाहीये. तुमच्याकडे काय आलंय?”

“स्क्रीन अंधारलीय आणि मध्ये चौकट आहे. ‘Yes’ का ‘No’ विचारतंय.”

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून घराघरांत आलेली ही चौकट आहे. यंत्रणेत खोलवर बदल करू पाहणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला ती अडवते. अंधारलेली स्क्रीन हा निव्वळ दृश्य परिणाम नसतो. विंडोज त्या क्षणी वेगळ्याच, सुरक्षित डेस्कटॉपवर गेलेलं असतं. टीम्ससारखा साधा प्रोग्राम त्या डेस्कटॉपचं चित्र घेऊ शकत नाही आणि तिथे कळही दाबू शकत नाही. त्यामुळे दूरच्या माणसाला एक तर काळी चौकट दिसते किंवा आधीचंच चित्र तसंच राहतं. पुष्कळांना वाटतं, नेट गेलं. प्रत्यक्षात या प्रश्नाचं उत्तर खुर्चीवर बसलेल्या माणसानेच द्यावं, अशी ती रचना आहे.

बाईंनी चौकटीतलं प्रोग्रामचं नाव वाचून दाखवलं आणि ‘Yes’ दाबलं. पुण्याचं चित्र पुन्हा हललं आणि काळी खिडकी दिसली. तिच्या माथ्यावर ‘Administrator’ असं लिहिलेलं होतं. सहकाऱ्याने टाइप करायला घेतलं, पण एक अक्षर उमटेना. इथे दुसरी भिंत लागते. विंडोजमध्ये कमी अधिकाराने चालणारा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या खिडकीत कळा दाबू शकत नाही. टीम्स साध्या अधिकाराने चालत होतं आणि काळी खिडकी प्रशासकाच्या. म्हणून सहकाऱ्याने ओळी चॅटमध्ये टाकल्या आणि बाईंनी त्या एकेक करून उतरवून घेतल्या:

```
net stop spooler
del /Q /F "%systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*"
net start spooler
```

पहिली ओळ विंडोजची छपाईची सेवा थांबवते. दुसरी ओळ `PRINTERS` नावाच्या फोल्डरमध्ये साचलेल्या कामांच्या फाइली पुसते. प्रत्येक कामाच्या तिथे दोन फाइली असतात, एक `.SPL` आणि एक `.SHD`. सेवा चालू असेपर्यंत अडकलेली फाइल पुसू दिली जात नाही, म्हणून हा क्रम. तिसऱ्या ओळीने सेवा पुन्हा सुरू होते. धोक्याची ओळ दुसरीच आहे, कारण ती न विचारता पुसते. त्यात फोल्डरचा पत्ता चुकला तर भलतंच जाईल. त्यामुळे एंटर दाबण्याआधी अवतरणचिन्हांतला मजकूर दोघांनी मोठ्याने वाचला.

ऑफिसने बाईंना साधं खातं दिलेलं असतं, तर ‘Yes’च्या जागी प्रशासकाचा पासवर्ड मागितला गेला असता. तो फोनवर सांगणं म्हणजे एका प्रिंटरपायी साऱ्या कंप्युटरची किल्ली देणं. म्हणूनच मोठ्या कंपन्यांचे आयटी विभाग असल्या कामाला मीटिंगचं ॲप वापरत नाहीत. त्यांचा वेगळा प्रोग्राम कंप्युटरवर आधीच बसवलेला असतो आणि त्याला हे अधिकार मिळालेले असतात.

कंट्रोल परत घेताना गफलत होते ती ‘थांबवलं’ आणि ‘काढून घेतलं’ यांतल्या फरकामुळे. झूममध्ये शेअर करणाऱ्याने आपल्या स्क्रीनवर कुठेही क्लिक केलं की कंट्रोल त्याच्याकडे येतं. पण समोरच्याने आपल्या बाजूला क्लिक केलं तर ते पुन्हा त्याच्याकडे जाऊ शकतं, कारण दिलेली परवानगी अजून शाबूत असते. ती मोडायची तर मेनूतून रिमोट कंट्रोल बंद करावं लागतं किंवा ‘Stop Share’ दाबावं लागतं. टीम्समध्ये कंट्रोल परत घेण्याचं बटण शेअरिंगच्या पट्टीवरच येतं. घाईत बटण सापडलं नाही, तर शेअरिंग थांबवणं सगळ्यांत खात्रीचं. स्क्रीनच नाही तर तिच्यावरचा ताबाही उरत नाही.

झूमच्या याच मेनूत येणारी प्रत्येक मागणी आपोआप मान्य करण्याचाही एक पर्याय आहे. रोज एकाच सहकाऱ्याबरोबर काम करणारे तो सोयीसाठी चालू करतात आणि विसरतात. त्याच मीटिंगमध्ये अनोळखी माणूस असला तर त्यालाही विचारणा न होताच वाट मिळते.

या विचारणेच्या चौकटीवर बेतलेली एक फसवणूक २०२५ च्या एप्रिलमध्ये उघड झाली. ट्रेल ऑफ बिट्स या अमेरिकन सुरक्षा कंपनीच्या प्रमुखाला मुलाखतीचं निमंत्रण आलं. पाठवणारे ब्लूमबर्गचे पत्रकार असल्याचं भासवत होते. कंपनीने तपास करून पद्धत जाहीर केली. मीटिंगमध्ये पाहुण्याला स्क्रीन शेअर करायला सांगायचं, मग आपलं नाव बदलून ‘Zoom’ ठेवायचं आणि कंट्रोलची मागणी करायची. पाहुण्याला दिसतं ते असं, की झूम तुमच्या स्क्रीनचं नियंत्रण मागत आहे. ॲपच काहीतरी विचारतंय असं वाटून माणूस होकार देतो. चौकटीत माणसाचं नाव असायला हवं आणि ते समोर बोलणाऱ्याचंच हवं, हे तिथे पाहायचं असतं.

भारतात हाच डाव वेगळ्या ॲपने खेळला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. बँकेतून बोलतोय म्हणून फोन करायचा, ॲप घ्यायला लावायचं आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी कोड मागायचा, अशी ती रीत. तिथे आणि नाशिकमध्ये तंत्र एकच होतं. फरक इतकाच, की नाशिकमध्ये कॉल बाईंनी लावला होता आणि समोरचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

मॅकवर आणखी एक शेपूट मागे राहतं. तिथे झूमला माउस चालवू द्यायचा तर सेटिंग्जमध्ये ‘Privacy & Security’ खाली ‘Accessibility’ची परवानगी द्यावी लागते. मीटिंग संपली तरी ती चालूच राहते. पुढे गरज नसेल तर तिथे जाऊन झूमसमोरचं बटण हाताने बंद करायचं.

नाशिकमध्ये तिसऱ्या ओळीनंतर सेवा सुरू झाल्याचा संदेश आला आणि रांग रिकामी दिसली. बाईंनी कंट्रोल परत घेतलं, शेअरिंग थांबवलं आणि पहिलं बिल पुन्हा पाठवलं. प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला. कॉल संपवणार, तोच पुण्याहून आवाज आला, “मॅडम, ती काळी खिडकी बंद केलीत का?” ती बाकीच्या खिडक्यांमागे उघडीच होती, माथ्यावर ‘Administrator’ तसंच. बाईंनी `exit` टाइप करून एंटर दाबलं आणि उरलेली सात बिलं काढायला घेतली.