डबी शेवटी कोण उघडतं?

सौंदर्यप्रसाधनांच्या थेट विक्रीची मीटिंग असते तेव्हा तिथे एकाच वेळी दोन वस्तू विकायला ठेवलेल्या असतात. एक टेबलावर दिसते: फेसवॉश, सीरम, नाइट क्रीम. दुसरी पडद्यावर दिसते: वर्तुळाखाली वर्तुळं असलेला 'प्लॅन'. पहिली वस्तू हाताच्या पाठीवर चोळून दाखवली जाते, पण पैसे बहुतेकदा दुसरीसाठी मोजले जातात. त्यामुळे 'क्रीम चांगलं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तरी धंदा चांगला आहे हे त्यातून ठरत नाही.

हा फरक कायद्याच्या भाषेत सगळ्यांत स्वच्छ मांडला गेला तो एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्याच प्रकरणात. 1967 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ग्लेन टर्नर यांनी 'कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी' नावाची कंपनी काढली. मिंक या प्राण्याच्या चरबीचं तेल घातलेली प्रसाधनं हा तिचा माल. रचना तीन पायऱ्यांची होती. सर्वांत खाली 'ब्यूटी ॲडव्हायझर': त्यांना छापील किमतीवर साधारण 45 टक्के सूट मिळे आणि जे विकतील त्यावरच त्यांची कमाई. एक हजार डॉलर भरले की 'सुपरवायझर', सूट 55 टक्के. पाच हजार डॉलर भरले की 'डिस्ट्रिब्युटर', सूट 65 टक्के. इथवर हा साधा घाऊक-किरकोळ व्यापार वाटतो. पण डिस्ट्रिब्युटरने नवा सुपरवायझर आणला, तर त्याने भरलेल्या हजारातले 600 डॉलर आणणाऱ्याला मिळत. नवा डिस्ट्रिब्युटर आणला तर पाच हजारांतले 3,000. एक डबीही न विकता, एका माणसामागे तीन हजार डॉलर!

मग लिपस्टिक विकत कोण बसणार? लोक माणसं शोधू लागले. त्यासाठी खास मीटिंग होत. काय बोलायचं ते कंपनीने लिहून दिलेलं असे. महागडी गाडी वापरा, श्रीमंती दिसू द्या, असं सभासदांना शिकवलं जाई.

1975 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात जी कसोटी लावली, ती आजही 'कॉस्कॉट कसोटी' म्हणून वापरली जाते. तिचं सार असं: सभासद पैसे भरतो आणि त्या बदल्यात त्याला माल विकण्याचा हक्क मिळतो. त्याशिवाय नवे सभासद आणल्याबद्दलही मोबदला मिळतो, आणि त्या मोबदल्याचा प्रत्यक्ष ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसतो. असं असेल तर तो पिरॅमिड. चार वर्षांनी, 1979 मध्ये, त्याच कमिशनने ॲमवे कंपनीला मात्र बेकायदा पिरॅमिड ठरवलं नाही (कमाईचे फुगवलेले दावे आणि किमती बांधून देणं, यांवर ठपका ठेवला, तो वेगळा). कारण तिथे तीन नियम होते. घेतलेल्या मालातला किमान 70 टक्के विकला गेलेला असला पाहिजे, महिन्याला किमान दहा ग्राहकांना विक्री झाल्याचं दाखवलं पाहिजे, आणि सोडून जाणाऱ्याचा पडून राहिलेला माल परत घेतला गेला पाहिजे.

या दोन निकालांतून आपल्या कामाचा एकच प्रश्न उरतो. डबी शेवटी कोण उघडतं? साखळीबाहेरचा, कमिशनची आशा नसलेला माणूस ती स्वतःच्या पैशाने घेऊन वापरतो, की साखळीतलाच माणूस 'टार्गेट' पुरं करायला घेतो?

हा प्रश्न आकड्यांत कसा दिसतो ते पाहू. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण धाटणी नेहमीची. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेला तिच्या नणंदेने एका कंपनीची 'आयडी' घ्यायला लावली. जॉइनिंग फुकट, पण कमिशन चालू राहण्यासाठी दरमहा 100 पॉइंट हवेत आणि एक पॉइंट म्हणजे 40 रुपयांची खरेदी. म्हणजे महिन्याला 4,000 रुपयांचा माल. सभासदाला छापील किमतीवर 20 टक्के सूट आहे, म्हणून त्या मालाची छापील किंमत 5,000. शिवाय खालच्या लोकांच्या खरेदीवर पाच टक्के कमिशन. शिक्षिकेने खटपट करून सहा जणी जोडल्या. प्रत्येकीने 4,000 चा माल घेतला, एकूण 24,000, आणि शिक्षिकेच्या खात्यात 1,200 रुपये जमा झाले. अपलाइनने लगेच ग्रुपवर अभिनंदन टाकलं: पहिल्याच महिन्यात कमाई!

आता वहीत पूर्ण हिशेब लिहू. तिच्या 5,000 च्या मालापैकी बाहेरच्या लोकांनी छापील किमतीत 2,000 चा घेतला. उरलेला कपाटात राहिला किंवा घरात वापरला गेला. पेट्रोल, कुरिअर, सॅम्पल आणि सेमिनारचं तिकीट मिळून 1,000 गेले. म्हणजे आले 2,000 आणि 1,200, एकूण 3,200; गेले 4,000 आणि 1,000, एकूण 5,000. 'कमाई' झालेल्या महिन्यात खिशातून 1,800 रुपये गेले आणि बदल्यात कपाटात 2,400 रुपये खरेदीचा माल पडला.

ही तूट फक्त कमिशनने भरून काढायची तर खाली आणखी 36,000 रुपयांची खरेदी व्हायला हवी, म्हणजे आणखी नऊ जणी. मग पंधरा जणींच्या खाली ती जेमतेम शून्यावर येते. त्या पंधरा जणींपैकी प्रत्येकीची विक्री तिच्याइतकीच असेल, तर त्यांनाही शून्यावर यायला प्रत्येकी पंधरा लागतील, म्हणजे 225. पुढची पायरी 3,375. कोणी आळशी आहे म्हणून हे होत नाही. साखळीबाहेरून येणारा पैसा माणशी फक्त 2,000 आहे, आणि आत फिरणारा पैसा एकमेकींच्याच पर्समधून येतो.

उलट, तिने पूर्ण 5,000 चा माल बाहेर विकला असता, तर एकही माणूस न जोडता तिला 1,000 रुपये नफा झाला असता. खर्चात तो बरोबरीत सुटला असता, पण तो खरा धंदा असता आणि तो वाढवायचा की नाही हे ठरवता आलं असतं. म्हणून प्लॅन दाखवणाऱ्याला बँकेतल्या जमेचा स्क्रीनशॉट मागू नका. त्याऐवजी विचारा, 'गेल्या महिन्यात तू स्वतः किती माल उचललास, आणि त्यातला किती सभासद नसलेल्यांनी घेतला?' ज्याचा धंदा विक्रीवर चालतो त्याला हा आकडा तोंडपाठ असतो. ज्याचा भरतीवर चालतो तो स्वप्नांवर बोलू लागतो.

नातेवाइकांची गोष्ट इथे अवघड होते, आणि कारण फक्त भिडेचं नाही. नातेवाईक बाजाराचा अंदाजच बिघडवतात. पहिल्याच दिवशी 'शंभर नावांची लिस्ट काढ' असं सांगतात, ते याचसाठी. मावशी, वहिनी, शाळेतल्या मैत्रिणी पहिली डबी घेतात ती तुमच्यासाठी, क्रीमसाठी नव्हे. त्यामुळे पहिल्या महिन्याची विक्री नेहमीच छान दिसते आणि त्याच जोरावर मोठी ऑर्डर दिली जाते. खरी खूण दुसरी खरेदी. पन्नास ग्रॅमची चेहऱ्याची क्रीम साधारण दीड-दोन महिने पुरते. ती संपल्यावर न विचारता कोणी पुन्हा मागितली का, ते मोजा. म्हणून आयडी घेण्याआधी दोन-चार वस्तू गिऱ्हाईक म्हणूनच घ्या, ओळखीच्या पण नात्यात नसलेल्या दहा जणींना छापील किमतीत विकून पाहा, आणि दोन महिने थांबा. 'ऑफर उद्या संपते' म्हणणाऱ्याला हे थांबणं आवडणार नाही. पण चांगल्या मालाला दोन महिन्यांनीही गिऱ्हाईक असतं.

हे करताना डबीही नीट वाचा. भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी हवी. आयात मालावर नोंदणी क्रमांक हवा. यादीतले पहिले पाच-सहा घटक घेऊन दुकानातल्या तशाच क्रीमशी दहा ग्रॅममागचा भाव ताडून पाहा. आपली क्रीम तिप्पट महाग असेल, तर परकं गिऱ्हाईक पुन्हा का येईल, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. 'वांग बरे होतात', 'सोरायसिस जातो' असं कोणी शिकवत असेल तर तिथेच थांबा. रोग बरा करण्याचा दावा सौंदर्यप्रसाधनाला करता येत नाही, आणि मावशीच्या चेहऱ्यावर काही उठलं तर ती कंपनीला नव्हे, तुम्हाला फोन करेल.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. केंद्र सरकारचे थेट विक्रीचे नियम डिसेंबर 2021 मध्ये आले. त्यांनुसार पिरॅमिड आणि पैसे फिरवण्याच्या योजना चालवायला बंदी आहे. कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय हवं, विक्रेत्याशी आधी लेखी करार हवा, त्याला ओळखपत्र द्यायला हवं, आणि दंड न भरता करारातून माघार घेण्याची मुदत हवी. तेव्हा पैसे देण्याआधी करार घरी आणा आणि त्यात दोन कलमं शोधा: माघारीची मुदत किती दिवसांची, आणि न विकलेला माल कंपनी किती रक्कम कापून परत घेते. 'ते नंतर मिळेल' असं उत्तर आलं, तर पैसेही नंतरच द्या.

भाऊ-भावजयांना जोडणाऱ्यांनी आणखी एक कायदा लक्षात ठेवायला हवा. 1978 च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घातली, ती फक्त चालवणाऱ्यांपुरती नाही. अशा योजनेत लोकांना सभासद करून घेणं आणि स्वतः भाग घेणं हेही त्या बंदीत येतं. 'मलाही वरच्यांनीच फसवलं' हे खरं असलं, तरी तुमच्या आयडीखाली नाव ज्याचं असतं, त्याने पैसे तुमच्याकडे बघूनच दिलेले असतात.

आधीच अडकला असाल तर आधी नवी खरेदी थांबवा, टार्गेट हुकलं तरी. माघारीच्या मुदतीत असाल तर लेखी कळवा, माल परत करण्याची मागणी ईमेलने करा आणि पावत्या जपून ठेवा. कंपनीचा तक्रार अधिकारी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. पैसे फिरवण्याची योजनाच दिसत असेल तर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आहे. आणि ज्यांना तुम्ही जोडलंत त्यांना आजच फोन करून सांगा, म्हणजे पुढच्या महिन्याचे त्यांचे चार हजार तरी वाचतील.