गोलमेज परिषदेचा गोल सोडवताना

‘खालील घटना कालानुक्रमे लावा’ हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला की उमेदवार सनावळ्या आठवू लागतात. 1930 ते 1932 या टप्प्यावर ही युक्ती हमखास दगा देते, कारण सगळे इतके जवळजवळ घडले आहे की नुसते साल कळून भागत नाही.

हे पाच पर्याय घ्या: (अ) जातीय निवाडा, (ब) गांधी-आयर्विन करार, (क) पहिली गोलमेज परिषद, (ड) पुणे करार, (इ) दुसरी गोलमेज परिषद.

सर्वांत सोपी जोडी आधी पकडावी. जातीय निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, म्हणून गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले आणि त्या दडपणाखाली डॉ. आंबेडकरांना राखीव जागांची तडजोड स्वीकारावी लागली. तोच पुणे करार. म्हणजे ‘अ’नंतर ‘ड’. एवढ्यावरच ‘ड’ आधी दाखवणारे पर्याय बाद होतात.

खरी गोची आहे ती गांधी-आयर्विन कराराची. तो दोन्ही परिषदांच्या आधी, मध्ये की नंतर? इथे विचारायचे, की करार करण्याची गरज कोणाला पडली? पहिल्या परिषदेच्या वेळी सविनय कायदेभंग चालू होता, काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात होते आणि काँग्रेस परिषदेला गेलीच नाही. सर्वांत मोठा पक्ष गैरहजर असताना पुढे सरकता येत नाही, हे सरकारला कळले. जानेवारी 1931 मध्ये गांधीजींची सुटका झाली, मार्चमध्ये करार झाला, आंदोलन थांबले आणि सप्टेंबरात गांधीजी काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून लंडनला पोहोचले. म्हणून क-ब-इ. त्या परिषदेत अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावर एकमत झाले नाही. मग पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट 1932 मध्ये आपला निवाडा दिला. उत्तर: क-ब-इ-अ-ड.

आता यात ‘तिसरी गोलमेज परिषद’ घाला, म्हणजे या पद्धतीची मर्यादा दिसेल. तिन्ही परिषदा आटोपल्या, चर्चा फसली, मग निवाडा आला, असा क्रम मनाला सहज पटतो. पण तो चूक आहे. तिसरी परिषद नोव्हेंबर 1932 मध्ये भरली, म्हणजे सप्टेंबरातल्या पुणे करारानंतरही दोन महिन्यांनी. निवाडा दुसऱ्या परिषदेतील पेचातून आला. तिसरीची त्याला गरजच नव्हती.

चितगाव शस्त्रागारावरील हल्ल्याचेही असेच. तो एप्रिल 1930 चा, दांडीत मीठ उचलल्यानंतर बारा दिवसांनी झालेला. पण तो मिठाच्या सत्याग्रहाचा परिणाम नव्हे. सूर्य सेन यांच्या गटाची तयारी स्वतंत्र होती. अशा ठिकाणी कार्यकारणभाव ओढूनताणून आणू नये. ती तारीख पाठच करावी लागते.