दहा टनांची कॉईल नेमकी कुठे ठेवायची?

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चाकणच्या कारखान्यांकडे पोलादी पत्र्याच्या कॉईल जातात. पत्रा घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळे कॉईल दिसायला फार मोठी नसते. दहा टनांची कॉईलही हौद्याचा जेमतेम दीड मीटर अडवते. क्रेनने ती अलगद हौद्यात उतरते. सगळा पेच आहे तो ती नेमकी कुठे टेकवायची याचा.

धान्याची पोती किंवा सिमेंटच्या गोण्या हौदाभर पसरतात आणि त्यांचे वजन आपोआप वाटले जाते. कॉईलचे तसे नाही. तिचे सगळे वजन एकाच जागी एकवटलेले असते, म्हणून ती अर्धा मीटर सरकली तरी हिशेब बदलतो. हा हिशेब साधा आहे, आणि तो कॉईल उचलण्याआधी करायचा असतो.

दोन एक्सलचा, म्हणजे पुढे दोन आणि मागे चार टायरचा ट्रक घेऊ. 2018 साली केंद्र सरकारने भारमर्यादा वाढवली, तेव्हा अशा ट्रकचे मालासकट एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले. आपल्या ट्रकच्या नोंदणीत त्यातले पुढच्या एक्सलला 7 आणि मागच्या एक्सलला 11.5 टन आहेत असे धरू. रिकामा ट्रक ड्रायव्हरसह 6.5 टनांचा, त्यातले 3.5 टन पुढे, 3 टन मागे. म्हणजे मालासाठी पुढच्या एक्सलवर 3.5 टनांची आणि मागच्यावर 8.5 टनांची जागा उरते. दोन एक्सलमधले अंतर 5 मीटर. हौदा 6 मीटर लांब असून त्याची पुढची फळी मागच्या एक्सलच्या 4.4 मीटर पुढे आहे.

आता नियम एवढाच. मालाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या जितका पुढे असेल, त्या अंतराला मालाच्या वजनाने गुणायचे आणि दोन एक्सलमधल्या अंतराने भागायचे. येईल तेवढा भार पुढच्या एक्सलवर, उरलेला मागच्यावर.

बऱ्याच जणांचा पहिला विचार असतो कॉईल थेट पुढच्या फळीला भिडवायचा. ब्रेक लागला तर पुढे सरकायला जागाच नको! मग तिचा मध्य मागच्या एक्सलच्या 3.7 मीटर पुढे येतो. हिशेब केला तर दहापैकी 7.4 टन पुढच्या एक्सलवर पडतात आणि रिकाम्या ट्रकचे 3.5 मिळवून तिथे 10.9 टन होतात. मर्यादा 7 टनांची. गंमत म्हणजे ट्रकचे एकूण वजन 16.5 टन, म्हणजे परवानगीपेक्षा दोन टन कमी. काट्यावरची एकूण वजनाची पावती निर्दोष, आणि पुढचे टायर व पाटे मात्र दीडपटीहून जास्त ओझे वाहत असतात.

दुसऱ्या टोकाला, कॉईल बरोबर मागच्या एक्सलवर ठेवली तर मागे 13 टन होतात, तेही जास्तच. आणखी एक मीटर मागे नेली, तर मागे 15 टन आणि पुढे उरतात फक्त दीड टन. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळते, तसाच हा प्रकार आहे. ट्रक उभा उलाळत नाही, पण पुढची चाके रस्त्यावर पुरेशी दाबली जात नाहीत. स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर वळणात ट्रक सरळच जाऊ पाहतो आणि पुढच्या ब्रेकना पकड मिळत नाही. बोरघाटाच्या रस्त्यावर हे ड्रायव्हरच्या हाताला लगेच कळते, पण तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

मधली जागा शोधू. पुढे 3.5 टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणून कॉईलचा मध्य मागच्या एक्सलच्या 1.75 मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. मागे 8.5 टनांपेक्षा जास्त नको, म्हणून तो निदान 0.75 मीटर तरी पुढे हवा. सहा मीटरच्या हौद्यात कायदेशीर पट्टा निघतो फक्त एक मीटरचा. माल 12 टनांचा असेल तर हा पट्टा आक्रसून सुमारे 1.46 मीटरवरच्या एका बिंदूवर येतो. आठ टनांना मात्र ऐसपैस जागा मिळते. कॉईल चढवण्याआधी हौद्याच्या कडेला खडूने दोन रेघा मारून ठेवल्या, तर क्रेनवाल्याला खालूनही दिसतात.

मध्यभागी ठेवलेल्या कॉईलपुढे फळीपर्यंत जवळपास दोन मीटर मोकळी जागा राहते. तिला पुढून टेकू नाही, म्हणून बांधणी चोख लागते: घट्ट लाकडी पाचरी, खाली न घसरणारा थर आणि साखळ्या. युरोपातल्या नियमांत जोराच्या ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या 80 टक्के इतके बळ पुढच्या दिशेने धरतात. दहा टनांच्या कॉईलला म्हणजे आठ टनांच्या ओढीला पुरेल अशी बांधणी हवी. एखादा नायलॉनचा दोर इथे काही कामाचा नाही.

एकूण वजन मर्यादेत असताना कायदा एक्सलचा वेगळा विचार का करतो? एक कारण टायर, पाटे आणि ब्रेक, दुसरे रस्ता. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून दिसले की रस्त्याची झीज साधारणपणे एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. मागच्या एक्सलवर 11.5 ऐवजी 13 टन, म्हणजे भार 13 टक्के जास्त आणि झीज साठेक टक्के जास्त. म्हणूनच मोटार वाहन कायद्यात नोंदणीच्या वेळी एकूण वजनाबरोबर प्रत्येक एक्सलची मर्यादाही नोंदवतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

हिशेब बरोबर उतरला का, हे साध्या वजनकाट्यावरही पाहता येते. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन घ्यायचे, मग पूर्ण ट्रकचे. वजाबाकी केली की मागचा भार मिळतो. काट्याची आणि बाहेरच्या जमिनीची पातळी मात्र एक हवी आणि ब्रेक सोडलेले हवेत, नाहीतर आकडे फसवतात.

सर्वांत फसवी वेळ येते ती दोन ठिकाणी माल उतरवायचा असतो तेव्हा. समजा, सहा टनांची कॉईल मागच्या एक्सलच्या 3 मीटर पुढे आणि चार टनांची 1 मीटर मागे ठेवली. पुढे 6.3 टन, मागे 10.2 टन, दोन्ही मर्यादेत. पहिल्या कारखान्यात मागची चार टनांची कॉईल उतरली. ट्रक हलका झाला, पण मागची कॉईल आतापर्यंत पुढचे टोक किंचित उचलून धरत होती. ती गेल्यावर पुढचा भार 7.1 टन होतो! चार टन उतरवल्यावर ट्रक बेकायदेशीर ठरला. उपाय कळंबोलीतच करून ठेवायचा: सहा टनांची कॉईल सुरुवातीपासून 20 सेंटिमीटर मागे, म्हणजे 2.8 मीटरवर ठेवायची. मग निघताना पुढे सुमारे 6.1 टन असतात, आणि दुसऱ्या कारखान्याकडे जाताना 6.9 टनांच्या आत.